ढोबळ नफा वाढला, निव्वळ नफा घटला: मधे काय झालं ते कसं शोधायचं

प्रश्न: आमचं फरसाणाचं दुकान आहे, मागेच कारखाना. धंदा माझ्या एकट्याच्या नावावर. यंदाच्या हिशेबात ग्रॉस प्रॉफिट ३१ टक्क्यांवरून ३४ वर गेलंय, पण नेट प्रॉफिट जवळजवळ निम्मं झालंय आणि हातात तर काहीच उरत नाही. बँकेचे साहेब म्हणतात, ऑपरेटिंग मार्जिन बघा. हे तीन-तीन नफे कशाला, आणि खरा कोणता धरायचा?

उत्तर:

तिन्ही धरायचे, पण एका क्रमाने. आणि त्यातल्या पहिल्या आकड्यावर, म्हणजे तुमच्या त्या ३४ टक्क्यांवर, मी आज तरी विश्वास ठेवणार नाही. का, ते सांगतो.

आधी थोडक्यात तीन नफे. विक्रीतून माल बनवण्याचा खर्च वजा केला की ढोबळ नफा. कच्चा माल, कारागिरांची मजुरी, भट्टीचं इंधन हे सगळं त्या खर्चात येतं. एक किलो माल बनवून विकला तर त्यात मुळात काही सुटतं का, एवढंच हा नफा सांगतो. त्यातून दुकान चालवायचा खर्च काढला, म्हणजे काउंटरवरच्या माणसांचे पगार, भाडं, वीजबिल, टेम्पो, घसारा, की उरतो ऑपरेटिंग प्रॉफिट. सुटलेल्या पैशात हा सगळा पसारा पोसला जातो का, याचं उत्तर तिथे मिळतं. त्यातून व्याज गेलं आणि कंपनी असेल तर आयकरही गेला की निव्वळ नफा. या शेवटच्या पायरीवर धंद्यापेक्षा धंद्यात लावलेल्या पैशाचा प्रश्न असतो: पैसा स्वतःचा किती, उसना किती. यातला प्रत्येक नफा भागिले विक्री, गुणिले शंभर, म्हणजे त्याचं मार्जिन. विक्री धरताना जीएसटी वगळून धरायची, दोन्ही वर्षं.

छोट्या धंद्यात गंमत अशी होते की पहिला आणि शेवटचा आकडा सगळ्यांना पाठ असतो आणि मधला कुणी मांडतच नाही. एकट्याच्या धंद्याच्या हिशेबात ट्रेडिंग अकाउंटच्या तळाशी ढोबळ नफा येतो आणि नफा-तोटा खात्याच्या तळाशी निव्वळ नफा. पगार, भाडं, व्याज सगळं त्या दुसऱ्या खात्यात एकाखाली एक लिहिलेलं असतं. टॅक्स ऑडिटच्या फॉर्म ३सीडीमध्येही आम्ही वर्षानुवर्षं ढोबळ आणि निव्वळ नफ्याचंच विक्रीशी प्रमाण लिहीत आलो, मागच्या वर्षाच्या आकड्याशेजारी. ऑपरेटिंग प्रॉफिटला तिथे जागाच नाही. म्हणून बँकेच्या साहेबांनी तो शब्द काढला की दुकानदार गोंधळतो.

आता एक केस सांगतो. तुमच्यासारखीच तक्रार घेऊन एक बेकरीवाले माझ्याकडे आले होते. नवरा-बायको दोघं पहाटे चारपासून कामाला. विक्री १२० लाखांवरून १५० लाखांवर गेलेली, ढोबळ मार्जिन ३० वरून ३३ टक्के, आणि निव्वळ नफा १०.८ लाखांवरून ५.४ लाखांवर. त्यांचे आकडे गोल करून खाली देतो, लाखांत आहेत. व्याजाच्या वर ऑपरेटिंग प्रॉफिटची जी ओळ दिसते ती मी घातलेली आहे.

| | मागचं वर्ष | यंदा (दिलेले हिशेब) |
|---|---|---|
| विक्री | १२० | १५० |
| माल बनवण्याचा खर्च | ८४ | १००.५ |
| ढोबळ नफा | ३६ (३०%) | ४९.५ (३३%) |
| दुकान चालवण्याचा खर्च | २१.६ | ३७.५ |
| ऑपरेटिंग प्रॉफिट | १४.४ (१२%) | १२ (८%) |
| व्याज | ३.६ | ६.६ |
| निव्वळ नफा | १०.८ (९%) | ५.४ (३.६%) |

हे बघून कुणीही म्हणेल की माल चांगला सुटतोय, वरचा खर्च हाताबाहेर गेलाय. त्यांचंही तेच मत झालं होतं आणि दुकानातला एक माणूस कमी करायचं ठरवूनच ते आले होते.

मी दोन्ही वर्षांची ट्रेडिंग अकाउंट शेजारी ठेवली. मागच्या वर्षी त्यात "भट्टी गॅस ४.२ लाख" अशी ओळ होती. यंदा ती ओळच नाही. बेकरी वर्षभर चालू आणि भट्टीला गॅस शून्य? शोधल्यावर तो ४.५ लाखांचा खर्च खालच्या खात्यात "लाईट व इंधन" मध्ये सापडला. हिशेब लिहिणारा मुलगा नवा होता. त्याने टॅलीत गॅसचं नवं लेजर उघडताना `Direct Expenses` ऐवजी `Indirect Expenses` या ग्रुपखाली उघडलं. बस, एवढंच. टॅली ढोबळ नफा काढताना खर्चाचं नाव बघत नाही, तो कुठल्या ग्रुपखाली आहे ते बघते. त्यामुळे एका क्लिकने ढोबळ मार्जिन तीन टक्क्यांनी फुगलं आणि दुकानखर्च तेवढाच वाढलेला दिसला. निव्वळ नफ्यात मात्र एक रुपयाचा फरक पडला नाही, आणि ऑपरेटिंग प्रॉफिटमध्येही नाही, कारण गॅस इकडे धरला काय, तिकडे धरला काय, तो त्या ओळीच्या वरच वजा होतो. लेजर योग्य ग्रुपखाली घेतलं की ही चूक दुरुस्त होते.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर होती. ३१ मार्चचा शिल्लक माल मागच्या वर्षी ७ लाख, यंदा १२ लाख. मी स्टॉकची यादी मागितली. टोस्टचे १५,००० पुडे, दर ६० रुपये, एकूण ९ लाख. उरलेले ३ लाख मैदा, साखर, वनस्पती. मग मी मार्चमधलं विक्रीचं एक बिल मागितलं. त्या बिलावरही टोस्टचा दर ६० रुपयेच. म्हणजे शिल्लक माल विक्रीच्या दराने धरला होता, अजून न विकलेल्या मालावर नफा घेऊन टाकला होता. शिल्लक मालाची किंमत खर्चाच्या दराने धरायची. आणि विकून खर्चापेक्षाही कमीच येणार असेल, समजा पुड्यांची तारीख उलटायला आलीय, तर त्या कमी दराने. त्यांचा एका पुड्याचा खर्च ४० रुपये होता. ९ लाखांचे झाले ६ लाख आणि एकूण शिल्लक माल १२ ऐवजी ९ लाख.

या दोन चुकांतला फरक नीट लक्षात घ्या. गॅसची चूक वरच्या खात्यातून खालच्या खात्यात गेली, म्हणून शेवटचा नफा शाबूत राहिला. शिल्लक मालाची चूक ढोबळ नफ्यात शिरली ती तळापर्यंत गेली. तिन्ही नफे ३ लाखांनी खोटे वाढले. शिवाय हाच १२ लाखांचा आकडा १ एप्रिलला सुरुवातीचा माल म्हणून पुढच्या वर्षाच्या खर्चात बसणार. म्हणजे यंदा फुकट दिसलेला ३ लाखांचा नफा पुढच्या वर्षीच्या नफ्यातून कापला जाणार, आणि तेव्हा कुणाला कळणार नाही की मार्जिन अचानक का पडलं.

दोन्ही दुरुस्त करून यंदाचं वर्ष असं निघालं: माल बनवण्याचा खर्च १०८ लाख, ढोबळ नफा ४२ लाख म्हणजे २८ टक्के. दुकानखर्च ३३ लाख, म्हणजे विक्रीच्या २२ टक्के. ऑपरेटिंग प्रॉफिट ९ लाख, ६ टक्के. व्याज ६.६ लाख. निव्वळ नफा २.४ लाख, जेमतेम १.६ टक्के. ढोबळ मार्जिन ३० वरून ३३ वर चढलेलं नव्हतं, २८ वर उतरलेलं होतं.

आता मार्जिन बोलायला लागतात. निव्वळ मार्जिन ९ टक्क्यांवरून १.६ वर आलं, म्हणजे ७.४ टक्के गळाले. कुठे गळाले? ढोबळ ३० चं २८ झालं, तिथे २. दुकानखर्च विक्रीच्या १८ टक्के होता तो २२ झाला, तिथे ४. व्याज ३ टक्क्यांचं ४.४ झालं, तिथे १.४. बेरीज बरोबर ७.४. एकटा निव्वळ नफा बघून "धंदा बसतोय" एवढंच कळलं असतं. तिन्ही मिळून गळती कुठल्या खोलीत आहे ते दाखवतात.

ढोबळ मार्जिन घसरलं की मी चारच गोष्टी विचारतो: कच्चा माल महागला का, विक्रीचा दर पडला का, वाया जास्त जातंय का, आणि कमी सुटणाऱ्या मालाची विक्री वाढली का. पहिल्या तीन गोष्टी लोक लगेच तपासतात. चौथी सुटते, आणि इथे तीच होती. वाढलेली ३० लाखांची विक्री सगळी पावाची होती. त्यांनी गावाच्या दुसऱ्या टोकाला एक गाळा घेऊन हॉटेलांना आणि वडापावच्या गाड्यांना लादीपाव द्यायला सुरुवात केली होती. जुन्या खारी-टोस्ट-नानकटाईच्या १२० लाखांवर अजूनही ३० टक्केच, म्हणजे ३६ लाख सुटत होते. पावाच्या ३० लाखांवर, संध्याकाळी परत येणारा न खपलेला पाव धरून, २० टक्के, म्हणजे ६ लाख. मिळून ४२ लाख आणि सरासरी २८ टक्के. जुन्या मालात काहीच बिघडलं नव्हतं.

पण त्या पावासाठी दुकानखर्च २१.६ चा ३३ लाख झाला होता. पगार ८ लाखांचे १३, भाडं ४.८ चं ७.२, टेम्पो २.७ चा ४.५, बाकी वीज आणि नव्या मशिनचा घसारा. म्हणजे ६ लाख सुटावेत म्हणून ११.४ लाखांचा जास्तीचा खर्च. हे ढोबळ मार्जिन कधीच सांगू शकत नाही, कारण गाळ्याचं भाडं आणि टेम्पोचं डिझेल त्याच्या नजरेच्या खाली आहे. ऑपरेटिंग प्रॉफिटच ते सांगतं.

यावरून एक सरळ हिशेब करता येतो. वाढलेला खर्च भागिले त्या मालाचं ढोबळ मार्जिन. ११.४ लाख भागिले २० टक्के म्हणजे ५७ लाख. एवढा पाव विकला असता तर गाळ्याचा खर्च नुसता भागला असता, नफा शून्य. नव्या कर्जाचं ३ लाख व्याज धरलं तर ७२ लाख. ते विकत होते ३० लाख. काउंटरवरचा एक माणूस कमी करून हे अंतर भरणार नव्हतं. उलट तो माणूस ज्या काउंटरवर होता तिथे ३० टक्के सुटत होते.

या हिशेबाची एक मर्यादाही सांगायला हवी. विक्री वाढेल तसे भाडं आणि पगार तेवढेच राहतील असं आपण धरतो. पाव ५७ लाखांवर जाताना दुसरा टेम्पो लागला तर आकडा आणखी वर सरकतो.

बँकेच्या साहेबांना ऑपरेटिंग मार्जिन का हवं असतं, तेही यातच आहे. व्याज द्यायचं ते ऑपरेटिंग प्रॉफिटमधून. मागच्या वर्षी १४.४ लाखांतून ३.६ लाख व्याज जात होतं, म्हणजे चौपट जागा होती. यंदा ९ लाखांतून ६.६ लाख, दीडपटही नाही. उद्या मैदा थोडा महागला तर व्याजच निघणार नाही, आणि कर्ज देणाऱ्याला आधी तेच दिसतं.

तुमच्या "हातात काहीच उरत नाही" याबद्दल. निव्वळ नफा म्हणजे हातातली रोकड नव्हे. कर्जाच्या हप्त्यातलं मुद्दल नफा-तोटा खात्यात कुठेच येत नाही, फक्त व्याज येतं. घरखर्चाला काढलेले पैसेही येत नाहीत, ते तुमच्या भांडवल खात्यातून वजा होतात. शिल्लक मालात आणि उधारीत अडकलेला पैसा नफ्यात दिसतो पण गल्ल्यात नसतो. बेकरीवाल्यांचे हप्ते, वाढलेला माल आणि हॉटेलांची उधारी यांतच सगळं गेलं होतं.

आणि एकट्याच्या नावावरच्या धंद्यात मालकाचा पगार खर्चात धरलेला नसतो, आयकरही हिशेबाच्या बाहेरून भरला जातो. म्हणून तुमचं निव्वळ मार्जिन एखाद्या प्रायव्हेट लिमिटेडच्या मार्जिनशी तसंच्या तसं ताडून बघू नका. बेकरीवाल्यांना मी विचारलं, तुम्ही दोघं घरी बसलात तर तुमच्या जागी व्यवस्थापक किती पगाराला मिळेल? म्हणाले, महिन्याला २५,००० तरी. वर्षाचे ३ लाख. २.४ लाखांच्या निव्वळ नफ्यातून ते काढले तर ६०,००० रुपयांचा तोटा. काकू तेवढ्यावर बराच वेळ काही बोलल्या नाहीत. वर्षभर दोघांनी पहाटे चारला उठून केलेलं काम त्या एका ओळीत होतं, आणि हिशेबात त्याची कुठेच नोंद नव्हती.

शेअर बाजारातल्या कंपनीचे हिशेब वाचणार असाल तर थोडं वेगळं आहे. आपल्याकडच्या कंपनी कायद्याच्या शेड्यूल ३ च्या नमुन्यात ढोबळ नफा ही ओळच नसते. वापरलेला कच्चा माल, खरेदी केलेला तयार माल आणि साठ्यातला फरक अशा तीन ओळी विक्रीतून वजा करून तो आपण काढायचा. त्यात कारखान्यातली मजुरी सहसा येत नाही, ती पगारांच्या ओळीत असते. म्हणून दोन कंपन्यांचं ढोबळ मार्जिन एकाच रीतीने काढलं असेल तरच ताडून बघा. ऑपरेटिंग प्रॉफिट म्हणून लोक जे छापतात त्यात कुणी घसारा वजा केलेला असतो, कुणी नाही, तेही विचारून घ्यायचं. १ एप्रिल २०१९ पासून तर बऱ्याच कंपन्यांचं दुकानभाडं भाड्याच्या ओळीतून उठून घसारा आणि व्याजात गेलं, कारण भाडेकरारांचा हिशेबी नियम बदलला. घसाऱ्याआधीचा नफा त्या वर्षी वाढलेला दिसला, धंदा होता तिथेच होता.

ढोबळ मार्जिन कमी म्हणजे धंदा वाईट, असंही धरू नका. डी-मार्ट चालवणाऱ्या ॲव्हेन्यू सुपरमार्ट्सचं ढोबळ मार्जिन १५ टक्क्यांच्या आसपास असतं, तुमच्या निम्म्याहून कमी. पण २०२३-२४ मध्ये जवळपास ५०,८०० कोटींच्या विक्रीवर सुमारे २,५०० कोटी, म्हणजे ५ टक्के, निव्वळ नफा उरला. बहुतेक दुकानं स्वतःच्या मालकीची, म्हणून भाडं थोडं. माल पटापट फिरतो आणि कर्ज जवळपास नाही. वरून थोडं सुटतं, पण खाली गळतही थोडंच.

आता तुमच्याकडे वळतो. दोन्ही वर्षांची ट्रेडिंग अकाउंट शेजारी ठेवा आणि मागच्या वर्षी असलेली कुठली ओळ यंदा गायब आहे का ते बघा. फरसाणात कढईचा गॅस आणि आचाऱ्यांची मजुरी या दोन ओळी हमखास इकडच्या तिकडे होतात. मग ३१ मार्चच्या स्टॉकच्या यादीतले पाच दर तुमच्या विक्रीच्या बिलाशी लावून बघा. दर जुळले तर तिथेच थांबा आणि सीएंना फोन करा. ढोबळ मार्जिन दुरुस्त झाल्यावर शेव, चिवडा, चकली यांचं वेगवेगळं काढा. तेल किती पडतं ते अंदाजाने लिहू नका. एका दिवशी घाण्याआधी आणि घाण्यानंतर कढईतलं तेल मोजा, दहा किलो शेवेला किती गेलं ते लिहा. एक घोटाळा टाळा: ८० ला पडलेला माल १०० ला विकला की दुकानदार "२५ टक्के सुटतात" म्हणतो, कारण तो खरेदीवर मोजतो, हिशेबातलं मार्जिन विक्रीवर असतं, म्हणजे २० टक्के. मग व्याजाच्या ओळीच्या वर स्वतःच्या हाताने ऑपरेटिंग प्रॉफिट लिहा, दोन्ही वर्षांचा, आणि तो कागद घेऊन बँकेत जा.